प्रत्ययांसकट नाव बदलताना: ‘विराम’चे ‘विमाधव’ कसे झाले

> “३०-३२ फायलींमध्ये एका पात्राचे नाव बदलायचे आहे. नुसते नाव बदलता येते, पण ‘रामाने’, ‘रामाला’, ‘रामाच्या’ अशी रूपेही बदलायला हवीत. पायथनमध्ये प्रत्यय ऐच्छिक ठेवून नमुना कसा लिहावा?”

हेच काम मी एका हस्तलिखितावर केले होते आणि त्यात झालेली चूक निस्तरण्यात माझे दोन आठवडे गेले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. फायली उघडणे, युनिकोडमध्ये वाचणे, मूळ प्रत बाजूला ठेवणे हे तुम्हाला येत असेल असे धरून चालतो. मी भाषेचा अभ्यासक नाही. पुढचे सारे अनुभवातून आलेले आहे.

मी तेव्हा असा नमुना लिहिला होता:

```
\bराम(ाने|ाला|ाचा)?\b
```

चार वाक्यांवर चालवून पाहिला, ‘रामाने’चे ‘माधवाने’ झाले, आणि मी निर्धास्त होऊन तो सगळ्या फायलींवर चालवला. प्रत्यक्षात त्या चार वाक्यांत माझे प्रत्यय एकदाही वापरले गेले नव्हते. पायथनच्या `re` मध्ये काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे शब्दातली अक्षरे धरली जात नाहीत, त्यामुळे ‘म’ आणि त्याचा काना यांच्या मध्येच `\b` ला शब्दाची सीमा दिसते. ‘रामाने’च्या शेवटी मात्र मात्रा आणि तिच्यापुढे मोकळी जागा, म्हणजे तिथे सीमाच नाही. म्हणून नमुन्याने प्रत्यय सोडून दिला, फक्त ‘राम’ उचलला आणि उरलेले ‘ाने’ नव्या नावाला आपोआप चिकटले. उत्तर बरोबर आले ते योगायोगाने.

त्याच कारणाने ‘रामायण’चे ‘माधवायण’, ‘रामू’चे ‘माधवू’ आणि ‘विराम’चे ‘विमाधव’ झाले. तरीही खरे नुकसान त्यानंतर झाले. घाबरून मी ‘माधव’चे पुन्हा ‘राम’ करून टाकले, आणि कथेत आधीपासून माधव नावाचे एक दुय्यम पात्र होते. दोघे एक झाले. नवे नाव मजकुरात आधी कुठे आहे का, हे बदल करण्यापूर्वी शोधाच, एवढे मी आग्रहाने सांगेन.

आता मी नमुना लिहिण्याआधी मजकुरातली रूपे गोळा करतो:

```python
import re
from collections import Counter
D = r'[\u0900-\u097F\u200C\u200D]*'
print(Counter(re.findall(D + 'राम' + D, text)))
```

ही यादी संपूर्ण वाचावी. व्याकरणाच्या पुस्तकातून प्रत्यय उतरवून घेतले की बोली संवादांतली ‘रामानं’, ‘रामाचं’ ही रूपे हमखास सुटतात, असे माझे ठाम मत आहे. शिवाय लेखक एकाच प्रकरणात ‘रामने’ आणि ‘रामाने’ दोन्ही लिहितात, म्हणून कानाही ऐच्छिक ठेवावा लागतो. यादी पाहून नमुना साधारण असा होतो:

```python
p = re.compile(
    r'(?<![\u0900-\u097F])राम'
    r'(\u093E?(?:ने|नं|ला|शी|चा|ची|चे|चं|च्या'
    r'|साठी|कडे|वर|च|ही)*)'
    r'(?![\u0900-\u097F])')
text = p.sub(r'माधव\1', text)
```

यातल्या नमुन्याची शेवटची ओळ, म्हणजे `(?!…)` हा उजवीकडचा अडसर, सर्वांत महत्त्वाची आहे. सगळे प्रत्यय ऐच्छिक असले की नमुना कशालाच नकार देत नाही. उजवीकडचा अडसर नसेल तर ‘रामायण’मधला ‘रामा’ही त्याला चालतो. अडसर असला की ‘यण’ हा प्रत्यय नाही म्हणून तो शब्द सुटतो. तारांकनामुळे ‘रामाच्यासाठीही’ अशी साखळीही पकडली जाते. काना `\u093E` असा लिहिला आहे, कारण सुटा काना संपादकाच्या पडद्यावर शेजारच्या चिन्हाला चिकटतो आणि चूक दिसत नाही. दंड (।) याच पल्ल्यात येतो, त्यामुळे ओवी-श्लोकांत त्याला लागून आलेले नाव बदलणार नाही.

नवे नाव ‘हरी’सारखे असेल तर काना गटाबाहेर काढावा लागेल, नाहीतर ‘हरीाने’ होईल. गावांच्या नावांत मूळ शब्दच बदलतो. ‘कोल्हापूर’चे ‘कोल्हापुरात’ होताना ऊकार ऱ्हस्व होतो, म्हणून तिथे `(?:कोल्हापूर|कोल्हापुर)` अशी दोन्ही रूपे द्यावीत आणि नव्या नावाचे सामान्यरूप वेगळे हाताळावे.

‘राम राम’ हा नमस्कार, ‘हे राम’ हा उद्गार आणि पात्राचे नाव यांत कोणताही नमुना फरक करू शकणार नाही. अशा जागा मी आजही आधी ओळीसकट छापून घेतो आणि एकेक पाहून हाताने ठरवतो. बदल झाल्यावर पहिली यादी पुन्हा काढावी. तिच्यात ‘राम’ असलेले जे शब्द उरतील, त्यातला प्रत्येक तुम्ही जाणूनबुजून ठेवलेला असला पाहिजे.