सहलीत मूल जखमी झालं, तर संमतीपत्रामुळे शाळा सुटते का?

"माझा मुलगा सातवीत आहे. शाळेच्या गडसहलीत पायऱ्यांवरून घसरून त्याचा हात मोडला, शस्त्रक्रिया करावी लागली. शाळा म्हणते, तुम्ही संमतीपत्रावर सही केली आहे, आमची जबाबदारी नाही. हे खरं आहे का?"

नाही. मी वकील आहे आणि अशी दोन-तीन प्रकरणं मी लढवली आहेत. तुमची सही मुलाला सहलीला पाठवण्यासाठी होती. शिक्षकांनी निष्काळजी राहिलं तरी चालेल, असं तुम्ही कुठेही लिहून दिलेलं नाही. छापील पत्रात "अपघातास शाळा जबाबदार राहणार नाही" असं वाक्य असेल, तरी तेवढ्या एका वाक्याने मुलाचा हक्क बुडत नाही.

या विषयावरचा महत्त्वाचा निकाल पठाणकोटच्या शाळेच्या सहलीचा आहे. २८ मे १९९५ रोजी शाळेची मुलं बियास नदीकाठी सहलीला गेली होती. त्यातली चौदा मुलं नदीत बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक मुलामागे पाच लाखांची भरपाई कायम ठेवली, आणि ती शिक्षकांवर ढकलून शाळेला मोकळं सोडलं नाही. सहल हे शिक्षकांच्या नोकरीतलंच काम, म्हणून त्यांच्या हलगर्जीपणाची जबाबदारी शाळेची. मूल जितकं लहान, तितकी काळजी जास्त, हे तत्त्वही त्यातून निघतं.

म्हणून "आम्ही सूचना दिल्या होत्या, मुलगाच पळत सुटला" हे उत्तर मला पटत नाही. बारा वर्षांचं मूल गडावर पळणारच, हे शिक्षकाला आधीच माहीत असतं. सोबत मोठी माणसं न्यायची ती त्यासाठीच.

पण एक मर्यादा नीट समजून घ्या. मूल जखमी झालं म्हणजे शाळा आपोआप दोषी ठरत नाही. शिक्षक दोन हातांवर असताना कोरड्या सपाट पायरीवर पाय मुरगळला, तर तो निव्वळ अपघात. दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: त्या जागी, त्या वयाच्या मुलांवर जितकं लक्ष असायला हवं होतं तितकं नव्हतं, आणि लक्ष असतं तर ही इजा टळली असती.

माझ्याकडच्या एका प्रकरणात बावन्न मुलं आणि तीन शिक्षक गडावर गेले होते. उतरताना एक शिक्षक पुढे, दोघे जेवणाची सोय बघायला आधीच बसपाशी. म्हणजे रांगेच्या शेवटी कुणीच नव्हतं. शेवाळलेल्या पायऱ्यांवर मुलगी घसरली. तिच्या मैत्रिणींनी खाली पळत येऊन सांगितलं, तेव्हा शिक्षक वर गेले. मागे एक मोठं माणूस असतं, तर मुलांना भिंतीकडच्या बाजूने एकेक करून उतरवता आलं असतं. आमचा सगळा दावा या एका मुद्द्यावर उभा राहिला. तुमच्या मुलाला शांतपणे विचारा: तू पडलास तेव्हा सर कुठे होते? तुला आधी कुणी उचललं? तो जे सांगेल ते आजच तारखेसह लिहून ठेवा. त्याच्यावर दबाव मात्र आणू नका, दुखऱ्या मुलाला आपलीच चूक झाली असं वाटत असतं.

पडल्यानंतर काय झालं हेही तितकंच महत्त्वाचं. बंगळुरूच्या एका शाळेची नववीतली मुलगी २००६ मध्ये उत्तर भारताच्या सहलीत तापाने फणफणली. वेळेवर उपचार न मिळाल्याने मेंदूचा आजार बळावला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. तिथे कुणी पडलं नव्हतं, शिक्षकांनी दुखणं गांभीर्याने घेतलं नाही एवढाच दोष. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची ८८ लाखांहून जास्त भरपाई पुन्हा कायम केली. म्हणून हात सुजल्यावर किती वेळाने दवाखाना गाठला, तुम्हाला फोन कधी आला, हे फोनवरच्या नोंदीतून काढून ठेवा. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर वेळ असते, तो कागद सांभाळा.

आता शाळेला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. त्यात सोबतच्या शिक्षकांची नावं, मुलांची संख्या, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत आणि विद्यार्थ्यांचा विमा होता का, एवढंच मागा. विमा असेल तर शस्त्रक्रियेचा खर्च भांडणाशिवायही निघू शकतो.

भरपाईसाठी बरेच जण लगेच ग्राहक आयोगाचं नाव घेतात. बंगळुरूचं प्रकरण त्याच वाटेने गेलं होतं. पण जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगाने शाळांच्या सहली ग्राहक कायद्याबाहेरच्या ठरवल्या, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यामुळे फक्त त्या वाटेवर विसंबू नका. दिवाणी न्यायालयात मुलाच्या वतीने तुम्ही वादमित्र म्हणून दावा लावू शकता. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची असते. दिवाणी दाव्यासाठी अज्ञान मुलाला सज्ञान झाल्यानंतरही काही काळ मुदत मिळते, पण तोवर थांबू नका. त्या दिवशी बरोबर असलेली मुलं वर्षभरात शाळा बदलतात, आणि साक्षीदार तीच आहेत.