शल्य म्हणजे चाकू नव्हे

प्रश्न : 'मनात शल्य राहिलं' म्हणतात तेव्हा शल्य म्हणजे दुःख. मग ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला शल्यचिकित्सक का म्हणतात? शल्य म्हणजे चाकू का?

नाही! हा चाकू परवाच एका व्याख्यानातही ऐकला. चाकू म्हणजे शस्त्र. शल्य म्हणजे अंगात घुसून राहिलेली आणि त्रास देणारी वस्तू: बाणाचं टोक, काटा, हाडाची कपची. ते काढतो तो शल्यचिकित्सक. प्राकृतात याचं 'सल्ल' झालं, त्यावरून आपला 'सल' आणि 'सलणे'.

सुश्रुतसंहितेत हा शब्द 'शल्', म्हणजे झपाट्यानं जाणे, या धातूपासून काढला आहे. मला हे मुळीच पटत नाही. रुतून बसणं हाच ज्याचा धर्म, त्याला वेगाचं नाव कशाला? संस्कृतात 'शल' म्हणजे साळिंदराचा काटा आणि 'शल्यक' म्हणजे साळिंदर. तो काटा जनावराच्या अंगातून सुटतो आणि समोरच्याच्या मांसात अडकून राहतो. माझ्या मते शल्याचं मूळ तिथं आहे. व्याकरणकारांना आधी धातू हवा असतो, साळिंदर मागून.

आणि हे रुतलेलं शोधायचं कसं? कातडीखालचं शल्य दिसत नसेल तर त्या जागी थिजलेलं तूप किंवा चंदनाचा लेप लावायला सुश्रुत सांगतो. जिथं तूप लवकर वितळेल किंवा लेप आधी सुकेल, तिथं शल्य. रुतल्या जागी दाह होतो, कातडी तापते, ती ऊब तूप दाखवून देतं.

शस्त्रकर्माचा त्याचा सर्वसाधारण विधीही असाच बारकाईचा आहे. शुभ दिवस पाहून अग्नीची पूजा, रोग्याला हलकं जेवण. मूळव्याध, मुतखडा, पोटाचे रोग असतील तर मात्र उपाशीपोटीच. मग छेद. जखम काढ्यानं धुवायची, तीळ, मध आणि तूप लावलेली वात आत सरकवायची, वर पट्टी. त्यानंतर गुग्गुळ, वेखंड, मोहरी, मीठ, कडुनिंबाचा पाला आणि तूप यांची धुरी, आणि लगेच रक्षामंत्र. (मीठमोहरी आपल्याकडे दृष्ट काढायलाही लागतेच.) औषध कुठं संपलं आणि विधी कुठं सुरू झाला, अशी रेघ तिथं सापडत नाही. पट्टी सोडायची ती तिसऱ्या दिवशी. घाईनं दुसऱ्या दिवशी सोडली तर जखम गाठाळते, ठणकते आणि उशिरा भरते.

मनातलं शल्य राहिलंच. तेही त्याच ग्रंथात आहे. शल्य काढण्याचे १५ उपाय दिलेत. लोखंडाचं मोकळं शल्य लोहचुंबकानं ओढायचं, हा त्यातलाच एक. यादीच्या शेवटी हृदयातलं 'शोकशल्य' येतं आणि त्यावरचा उपाय एका शब्दात दिला आहे: हर्ष.