कनेक्ट फोरमध्ये शेवटी कोण जिंकणार, हे ओळींच्या सम-विषमवरून कसं ठरतं?

प्रश्न : कनेक्ट फोरमध्ये मधे सगळं बरोबर चालतं, पण शेवटी मीच अडकतो. सम-विषम ओळींचा काय संबंध?

उत्तर : ओळी खालून मोजा. प्रत्येक उभ्या रकान्यात सहा घरं, म्हणजे सम. त्यामुळे सहा रकाने भरून एकच उरला की पाळी पुन्हा पहिल्या खेळाडूचीच येते. त्या रकान्यात 1, 3, 5 त्याला मिळतात आणि 2, 4, 6 दुसऱ्याला.

मागच्या मे महिन्यात सांगलीत भाचीने मला असंच गाडलं. ती लाल, सुरुवात तिची. तिसऱ्या ओळीत चौथ्या, पाचव्या, सहाव्या रकान्यात तिच्या चकत्या होत्या. तिसऱ्या रकान्यातलं घर मी अडवलं होतं, म्हणून निर्धास्त होतो. सातवा रकाना मात्र रिकामाच होता. बाकी सगळं भरल्यावर तिने तिथे तळाला चकती टाकली, दुसऱ्या घरात मला टाकावीच लागली, आणि तिसऱ्यात तिचे चार झाले. पाचव्या घरात माझेही चार होणार होते, पण विषम घर माझ्या वाट्याचं कुठे!

तुम्ही दुसरे असाल तर आपले चार पूर्ण होतील असं सम ओळीतलं घर शोधा, तेही त्याच रकान्यात समोरच्याच्या घराखाली असलं तर उत्तम. माझं दुसऱ्या घरात असतं तर तिने तळाला टाकताच मी जिंकलो असतो. ते जमलं नाही, तर वेगळ्या रकान्यातलं विषम घरही बऱ्याचदा बरोबरी मिळवून देतं, कारण मग तिलाही एका रकान्यात टाकायची चोरी होते.