आमच्या वर्कशॉपची ५०-५५ स्लाइड्सची पीपीटी आहे. लोकांना घरी न्यायला दोन पानांचं हँडआउट द्यायचंय. स्लाइड्सच लहान करून छापल्या तर चालेल का?

नाही चालणार. एका पानावर सहा स्लाइड्स छापून वाटायचा उद्योग मी स्वतः केलाय आणि त्यात एका माणसाचं दोन क्विंटल बियाणं गेलं, म्हणून जरा लांबण लावते.

मी लातूरकडे एका संस्थेत शेतकऱ्यांची प्रशिक्षणं घ्यायचे. मे महिन्यात सोयाबीनच्या घरच्या बियाण्यावर एक दिवसाचं वर्कशॉप होतं. स्लाइड्स ५४. मी म्हटलं, एकच कागद पाठपोट करू. आमचे समन्वयक साहेब म्हणाले, "मॅडम, लोकांना पूर्ण मटेरियल मिळालं पाहिजे, कमी वाटायला नको." झालं, पानावर सहा, एकूण नऊ पानं, कोपऱ्यात पिन. लोकांना सकाळीच सांगितलं होतं की शेवटी कागद मिळणार आहेत, त्यामुळे दिवसभर कुणी पेन उघडलं नाही.

जूनमध्ये गावात गेले तर एका काकांनी घरचं बियाणं आडतीवर घालून दुकानातून नव्या बॅगा आणलेल्या. का, तर उगवण चाचणीत १०० पैकी ६२ च उगवले. म्हटलं, काका, ६२ चालतंय की! त्यांनी कपाटातून नऊ पानं काढली आणि बोट ठेवलं. "ताई, तुमच्याच कागदावर लिवलंय. सत्तर टक्के असंल तर पेरणीयोग्य."

लिहिलं होतंच. स्लाइडवर एवढीच ओळ होती: "उगवणशक्ती ७०% व अधिक – पेरणीयोग्य". त्यापुढचं मी तोंडाने बोलले होते, की कमी आली तर घाबरू नका, त्या प्रमाणात बियाणं वाढवा. ७० टक्क्यांना एकरी ३० किलो धरतो. मग ६२ ला ३० गुणिले ७० भागिले ६२, म्हणजे जवळपास ३४ किलो. काकांचं रान चार एकर, तिथे १२० ऐवजी १३६ किलो लागलं असतं आणि घरात दोन क्विंटल होतं. सगळं भागून वर उरलं असतं. ते गेलं धान्याच्या भावाने आणि बॅगा आल्या बियाण्याच्या भावाने.

तेव्हा कळलं की स्लाइडवर अर्धंच असतं आणि उरलेलं अर्धं बोलणाऱ्याच्या तोंडात असतं. स्लाइड चांगली असेल तर आणखीच कमी असतं. म्हणून हँडआउट पीपीटीवरून करायचंच नाही, तुमच्या बोलण्यावरून करायचं. मी पुढच्या वर्कशॉपला फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि रात्री फक्त लोकांचे प्रश्न उतरवून काढले. अकरा प्रश्न निघाले, त्यातले सात चाचणी आणि बियाण्याच्या प्रमाणावरचे. सोयाबीनचा इतिहास, जागतिक उत्पादन, योजनेची उद्दिष्टं यावर एकही नाही. आणि आमच्या ५४ पैकी पहिल्या १९ स्लाइड्स त्याच होत्या! त्या काढल्या तेव्हा साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग स्वतःला एकच विचारलं: हा कागद कुणाच्या हातात, कधी असेल? उत्तर होतं, पेरणीआधी पंधरा दिवस, संध्याकाळी, ओल्या हातात. त्यावरून पानं आपोआप ठरली. पुढच्या बाजूला फक्त कृती, पूर्ण वाक्यांत. सगळ्या पोत्यांतून थोडं थोडं बियाणं काढून मिसळा, त्यातले न निवडता १०० दाणे मोजा. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या ओळीत थोडं अंतर सोडून मांडा. वरून दुसरा ओला तुकडा घाला, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, सुकू देऊ नका. सहा-सात दिवसांनी उघडा आणि फक्त चांगले, निकोप कोंब मोजा. मागच्या बाजूला तक्ता: ७० ला ३० किलो, ६८ ला ३१, ६६ ला ३२, असं करत ६० ला ३५. गणित द्यायचं नाही, उत्तर द्यायचं. आणि तक्त्याखाली "६० च्या खाली आलं तर हे बियाणं पेरू नका" हे ठसठशीत. ती ओळ पीपीटीत कुठेच नव्हती, कारण मी ती दरवेळी बोलायचेच. खाली तारीख आणि आकडा लिहायला रिकामी जागा. रकाना रिकामा दिसला की माणूस भरतो आणि स्वतःच्या अक्षरातला कागद सहसा टाकत नाही.

छापायच्या आधी कच्चा कागद वर्कशॉपला न आलेल्या माणसाला द्या. मी सासूबाईंना दिला आणि म्हटलं, वाचत वाचत करा, मी काही सांगणार नाही. त्या दुसऱ्याच ओळीला थांबल्या. "ओलं म्हणजे किती गं ओलं?" खरंच की. पाणी फार झालं तर दाणे कुजतात आणि चांगलं बियाणंही नापास होतं. मग वाक्य घातलं: "गोणपाट भिजवून पिळा, उचलल्यावर पाणी टपकायला नको." वाचणारा जिथे मान वर करून तुमच्याकडे बघतो, तिथे एक वाक्य कमी आहे समजा.

छपाईत मी खाल्लेले मार तेवढे सांगते. स्लाइडमधला लाल-हिरवा फरक झेरॉक्समध्ये एकसारखा करडा होतो, म्हणून रंगावर अर्थ टांगू नका. फोटोचा काळा डाग होतो, त्यापेक्षा रेघांचं साधं चित्र बरं. जुन्या फॉन्टमधली फाइल दुकानात नेली तर मात्रा उडतात, म्हणून घरूनच पीडीएफ करून न्या. कागद लोक चौघडी घालून खिशात ठेवतात. आमच्या तक्त्यातली ६६ ची ओळ नेमकी घडीवर आली आणि महिन्याभरात पुसली, तेव्हापासून मधली पट्टी कोरी सोडते. अक्षर १४ च्या खाली नको. मावत नसेल तर मजकूर कापा, अक्षर नाही.

कोपऱ्यात महिना-वर्ष आणि एक फोन नंबर हवाच, कारण कागद तुमच्या नोकरीपेक्षा जास्त टिकतो. आणि जे बदलतं ते छापू नका. बीजप्रक्रियेत आम्ही क्रम छापला, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धक. औषधांची नावं नाही छापली, ती हाताने लिहून घ्यायला सांगतो.

आता एक राहिलंच. तुमच्याकडे येणारे लोक पुढे स्वतः प्रशिक्षण घेणारे असतील, तर त्यांना पीपीटी लागतेच. ती पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर टाका, पण हँडआउटऐवजी नाही. आणि तुमचं वर्कशॉप करून बघायचं नसून नुसतं समजून घ्यायचं असेल, कायदा वगैरे, तर कृतीचं पान जमणार नाही. तिथेही प्रश्नांपासूनच सुरुवात करा एवढं सांगेन.

साहेबांचं म्हणाल तर नवा कागद त्यांना "फार साधा" वाटला. संस्थेचा लोगो मोठा करा म्हणाले. लोगोला जागा करायला ६० च्या खालची ओळ काढू या, असंही सुचवलं. मी लोगो काढला.