फोटो गेला, मजकूर उरला: बाळाचे औषध पाजण्यापूर्वी बाटली का पाहावी

प्रश्न: बाळाच्या तापाच्या औषधाचा फोटो फोनमधून डिलीट झाला, पण त्यातला मजकूर मी कॉपी करून ठेवला होता: ‘पॅरासिटामॉल आयपी 100 एमजी’. बाळ गावी आईकडे आहे. यावरून किती एमएल पाजायचं ते तिला फोनवर सांगितलं तर चालेल का?

उत्तर: चालणार नाही. आईला आधी बाटली हातात घ्यायला सांगा आणि तिच्यावरचे शब्द जुळल्याशिवाय एक थेंबही पाजू देऊ नका. सेलूला माझे औषधांचे दुकान आहे आणि अगदी अशाच एका ओळीमुळे काय घडले ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या ओळीत 100 हा आकडा आहे. पण तो किती मिलीमधला, ते लिहिलेले नाही. लहान मुलांचे पॅरासिटामॉल आपल्याकडे प्रामुख्याने दोन रूपांत मिळते. ड्रॉप्सच्या छोट्या बाटलीत, जिच्यासोबत ड्रॉपर येतो, साधारणपणे प्रत्येक 1 मिलीमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असते. सिरपच्या मोठ्या बाटलीत मात्र प्रत्येक 5 मिलीमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅम असते, आणि त्याच औषधाचे 5 मिलीला 250 मिलिग्रॅमचे जास्त ताकदीचे सिरपही मिळते. म्हणजे ताकद सांगणारी खरी गोष्ट नुसता आकडा नसून आकडा आणि त्याच्या आधीचे ‘ईच एमएल’ किंवा ‘ईच 5 एमएल कंटेन्स’ हे शब्द मिळून होते. नेमके हेच शब्द लेबलवर बारीक अक्षरात, वेगळ्या ओळीत असतात. बाटली गोल असल्यामुळे फोटोत मधला भाग स्पष्ट येतो आणि कडेची अक्षरे वळणावर दबतात. फोनने मजकूर उचलला तर ती ओळ सुटते, आणि माणसाने हाताने लिहून घेतले तर त्याला ती बिनमहत्त्वाची वाटते म्हणून तोच ती गाळतो.

गेल्या आषाढात एक गृहस्थ सकाळी सकाळी दुकानात आले. त्यांचा मुलगा साधारण 10 किलो वजनाचा होता. घरात ड्रॉप्स आणि सिरप अशा दोन्ही बाटल्या होत्या. आदल्या महिन्यात काढलेला लेबलचा फोटो फोन बदलताना गेला होता, आणि त्यावरून उतरवलेली ‘पॅरासिटामॉल 100 एमजी’ एवढीच ओळ फोनमध्ये राहिली होती. ते पुण्याला होते, तेव्हा त्यांनी आजीला फोनवर सांगितले, “100चं औषध आहे, चमचाभर पाज.” त्यांच्या मनात सिरप होते, आजीच्या हातात ड्रॉप्सची बाटली होती. चमचाभर म्हणजे 5 मिली, आणि ड्रॉप्सच्या 5 मिलीमध्ये 500 मिलिग्रॅम. 10 किलोच्या मुलाला एका वेळी साधारणपणे 100 ते 150 मिलिग्रॅम देतात, कारण हिशेब किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅमचा असतो. रात्री पोचलेले वडील सकाळी ‘आणखी एक बाटली द्या’ म्हणाले. एवढ्यात औषध संपले कसे, असे मी विचारले आणि ती रिकामी होत आलेली छोटी बाटली मागवून घेतली, तेव्हा उलगडा झाला. डोस एकदाच गेला होता. मी त्यांना तिथूनच परभणीला डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी बाळाला तपासले, पुढचे डोस थांबवले, आणि बाळ ठीक राहिले. असेच चार डोस एका दिवसात गेले असते तर किलोमागे 200 मिलिग्रॅम झाले असते, आणि इतक्या मात्रेने यकृताला इजा होऊ शकते. वाईट म्हणजे सुरुवातीच्या तासांत मूल बरे दिसते, त्यामुळे घरच्यांना काही झाल्याचे कळतही नाही. मात्रा जास्त गेल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा, कारण यावरचा उतारा लवकर, विशेषतः पहिल्या आठ तासांत दिला तर चांगला काम करतो.

उलट चूकही होते. ड्रॉप्ससाठी सांगितलेले 1 मिली सिरपच्या बाटलीतून पाजले तर जेमतेम 25 मिलिग्रॅम जाते, ताप उतरत नाही, आणि मग घाबरून वारंवार पाजले जाते.

आता फोटो गेल्यामुळे नेमके काय बदलते ते पाहा. फोटो असता तर तो पुसट आहे, कोपरा कापला गेला आहे, झगमगाट पडला आहे, हे डोळ्यांना दिसले असते, आणि तुम्ही तिथे थांबला असता. टाइप झालेल्या ओळीत पुसटपणा उरतच नाही. ओळखू आलेले अक्षर आणि अंदाजाने भरलेले अक्षर तिथे सारख्याच ठसठशीतपणे उमटते, आणि सुटलेल्या शब्दाची जागाही रिकामी दिसत नाही. ती ओळ कशावरून आली हे तपासायला आता साक्षीदारच नाही. शिवाय ओळ अगदी अचूक असली तरी ती त्या दिवशीच्या बाटलीची आहे. मधल्या काळात ती बाटली संपून दुसरी आली असेल, किंवा दुकानात तीच कंपनी मिळाली नसेल म्हणून वेगळ्या ताकदीची मिळाली असेल. एकाच नावाची 125 आणि 250ची खोकी इतकी सारखी असतात की आम्ही काउंटरवरही दोनदा पाहून देतो.

म्हणून आईला व्हिडिओ कॉल करा आणि बाटली उजेडात धरायला सांगा. तुमच्याकडची ओळ आधी वाचून दाखवू नका, कारण “100 लिहिलंय ना?” असे विचारले की समोरून “हो” येते. आधी तिला किंवा शेजारच्या शाळकरी मुलाला बाटलीवरचे वाचू द्या, आकडे एकेक करून, आणि आकड्याआधी ‘ईच एमएल’ आहे की ‘ईच 5 एमएल’ ते स्वतंत्रपणे विचारा. लेबल बहुधा इंग्रजीत असते; वाचणारे कोणी नसेल तर गावातल्या आशाताईंना बोलवावे, त्यांना या बाटल्या ओळखीच्या असतात. खोक्यावरचे नव्हे तर बाटलीवरचेच लेबल वाचायला लावा, कारण घरात बाटल्यांची खोकी बदललेली मी कितीदा पाहिली आहेत. मुदतीची तारीखही तिथेच वाचून घ्या. निर्मितीची आणि मुदतीची तारीख एकाखाली एक असतात, आणि उतरवलेल्या मजकुरात त्यांची अदलाबदल सहज होते.

बाटली आणि तुमची ओळ जुळली तरी मिली किती, हे बाळाच्या आजच्या वजनावर डॉक्टरांनी ठरवायचे असते. मागच्या वेळचे माप आज उपयोगाचे असेलच असे नाही. डॉक्टरांना फोन करताना ‘पॅरासिटामॉल 100’ म्हणू नका, ‘प्रत्येक 1 मिलीमध्ये 100 मिलिग्रॅम’ असे पूर्ण सांगा, आणि त्यांनी सांगितलेले माप आईने ड्रॉपरने किंवा बाटलीच्या टोपीवरच्या खुणेने मोजावे, घरच्या चमच्याने नव्हे.

बाटली सापडत नसेल किंवा लेबल ओले होऊन पुसले गेले असेल, तर तुमच्याकडच्या ओळीवरून अंदाज बांधू नका. गावातल्या दुकानातून नवी बाटली घ्या, दुकानदाराकडून ताकद मोठ्याने वाचून घ्या, आणि डॉक्टरांना तीच ताकद सांगून माप विचारा. ती बाटली घरी आली की तुमच्या फोनमधली जुनी ओळ पुसून टाका.