भिशी कोणत्या महिन्यात लागली, त्यावर फायदा-तोटा

प्रश्न : बारा जणींची ५,००० रुपयांची भिशी आहे. चिठ्ठीत माझा नंबर शेवटी निघाला. ६०,००० भरले, ६०,००० मिळाले. मग तोटा कसला?

तुमचा प्रत्येक हप्ता सरासरी साडेपाच महिने दुसऱ्यांनी वापरला. तेच पैसे ६ टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकले असते, तर साधारण १,६५० रुपये व्याज आलं असतं. हेच १,६५० पहिल्या नंबरवालीला मिळतात. स्वतःचा पहिला हप्ता वजा जाता तिला ५५,००० आधीच मिळाले, आणि ते तिने अकरा महिन्यांत बिनव्याजी फेडले. सहाव्या महिन्यात भिशी लागली तर दीडशेचा फायदा, सातव्यात दीडशेचा तोटा. महागाई ५ टक्के धरली, तर हप्ते भरताना ज्या वस्तू ५८,६०० च्या आसपास येत होत्या, त्यांना आता तुमचे ६०,००० लागतात. पुढच्या फेरीत पुन्हा चिठ्ठ्या टाकू नका, हाच क्रम उलटा लावा. दोन फेऱ्यांत सगळ्यांचं फिटतं.

प्रश्न : दहा जणांची बोलीची भिशी, हप्ता ५,०००. दुकानात माल भरायचा होता, म्हणून दुसऱ्याच महिन्यात ९,००० सोडून उचलली. ४१,००० मिळाले, दहा महिन्यांत एकूण ४५,६०० भरले. म्हणजे ११ टक्केच पडले ना?

नाही, बरेच जास्त पडले. ४१,००० मधून त्याच दिवशी ४,१०० चा हप्ता गेला, कारण सोडलेल्या ९,००० मधले ९०० तुमच्याही वाट्याला आले. उरले ३६,९००. त्यातले ५,००० तुमचेच, पहिल्या महिन्यात भरलेले. म्हणजे खरी उसनवारी सुमारे ३१,९०० ची. तीही पुढच्या महिन्यापासून फिटायला लागली, त्यामुळे पैसे तुमच्याकडे सरासरी पाच महिनेही राहिले नाहीत. एवढ्यासाठी ४,६०० म्हणजे महिना तीन टक्क्यांहून जास्त, वर्षाचे ३७ च्या घरात. घरात सोनं असेल, तर बँकेचं सोनेतारण कर्ज याच्या निम्म्याहून कमी दरात मिळतं. आधी ते पाहायला हवं होतं.

प्रश्न : अशाच भिशीत मी शेवटपर्यंत थांबते. पहिली भिशी चालवणारी पूर्ण घेते, दुसऱ्या महिन्यात बोली ९,००० ला जाते, मग दर महिन्याला हजाराने उतरते, शेवटची बिनबोलीची. मला किती सुटतात?

तुम्ही ४५,६०० भरून ५०,००० घेता. वरचे ४,४०० म्हणजे वर्षाला सुमारे २५ टक्के, महागाई वजा करूनही २० च्या आसपास. एवढा दर सुटतो, कारण बुडण्याची जोखीमही तुमच्याच अंगावर असते. आधी उचललेल्या एकानेच शेवटचा हप्ता बुडवला, तर हातात ४५,००० येतात, भरल्यापेक्षा ६०० कमी. कोणी हप्ता उशिरा दिला, तेव्हा चालवणारीने पदरचे घालून भिशी वेळेवर दिली की पुढे ढकलली, हे लक्षात ठेवा. ढकलली असेल, तर शेवटपर्यंत थांबू नका. सहाव्या-सातव्या महिन्यातच थोडे सोडून उचला.