फीडरसोबत इनकमरही का ट्रिप होतो?

प्रश्न: अंबड एमआयडीसीत आमचा ३३/११ केव्ही, १० एमव्हीए ट्रान्सफॉर्मर आहे. फीडरवर फॉल्ट आला की कधी कधी इनकमरही ट्रिप होतो आणि सगळा प्लांट बंद पडतो. इनकमर सीटी ६००/१, फीडर सीटी ३००/१. दोन्ही रिले न्यूमेरिकल, नॉर्मल इन्व्हर्स, पिकअप १०० टक्के, टीएमएस ०.१. चुकतंय काय?

उत्तर: तुमच्या प्रश्नातला ‘कधी कधी’ महत्त्वाचा आहे. फॉल्ट पॅनलजवळ असेल तेव्हाच दोन्ही पडत असणार, लांबच्या फॉल्टला एकटा फीडर. रिलेचा इव्हेंट रेकॉर्ड उघडून फॉल्ट करंट बघा, लगेच कळेल.

आता हिशोब. नॉर्मल इन्व्हर्सचं सूत्र असं:

```
t = TMS × 0.14 / (PSM^0.02 − 1)
```

तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स साधारण १० टक्के असेल, तर ११ केव्ही बसवर जास्तीत जास्त ५२५० अँपिअरचा फॉल्ट. मागच्या सप्लायचा इम्पीडन्स जमेस धरून आपण ४५०० घेऊ. फीडर रिलेला हा पिकअपच्या १५ पट दिसतो, म्हणून तो ०.२५ सेकंदात ट्रिप देतो. इनकमरला तोच करंट ७.५ पट दिसतो, वेळ ०.३४ सेकंद. मधे उरले फक्त ०.०९ सेकंद. फीडरचा व्हॅक्यूम ब्रेकर उघडून आर्क विझेपर्यंत त्यातले ०.०६ ते ०.०८ गेले. उरलेल्यात रिलेची आणि सीटीची चूक कुठे मावणार? हाच फॉल्ट १५०० अँपिअरचा असला तर वेळा ०.४३ आणि ०.७६ येतात, म्हणजे अंतर आपोआप ०.३३. दोन्हीकडे एकच कर्व्ह असल्यावर करंट वाढेल तसं अंतर आवळत जातं, म्हणून ग्रेडिंग तपासायचं ते कमाल फॉल्टला.

न्यूमेरिकल रिलेंमध्ये ०.३ सेकंद अंतर पुरतं. जुन्या डिस्कवाल्या रिलेला ०.४ ठेवतात, कारण करंट थांबला तरी डिस्क थोडी पुढे सरकते. म्हणजे इनकमरला ०.५५ हवेत. टीएमएस ०.१७ केला की ०.५८ मिळतात. फीडरला हात लावू नका.

फीडरवर २४०० अँपिअरचा इन्स्टंटेनियस चालू असेल, तर कोणी सुचवेल की ग्रेडिंग २४०० लाच तपासा, इनकमरला टीएमएस ०.१३ पुरेल. गणित बरोबर आहे. पण कोणी तो इन्स्टंटेनियस बंद करून ठेवला, तर ४५०० ला अंतर ०.१९ वर येतं. मी तरी ०.१७ च ठेवीन, बसवरचा फॉल्ट ०.१४ सेकंद जास्त सोसला तरी चालेल.

सेटिंग बदलण्याआधी ३३ केव्हीकडचा रिले बघा. इथले ४५०० तिथे १५०० दिसतात आणि त्या करंटला त्याने इनकमरनंतर निदान ०.३ सेकंद थांबायला हवं. त्याच्या वर वीज कंपनीचा रिले असतो, त्याची वेळ तुम्हाला वाढवता येत नाही. वरून जागाच उरत नसेल, तर आधी फीडरचा टीएमएस ०.०५ करून खालून सुरुवात करावी लागेल. मात्र मोठ्या मोटारीच्या स्टार्टिंगला तो पडत नाही ना, हे आधी तपासा.